शेऱ्याचा रकाना

फेब्रुवारीतल्या एका दुपारी मी आमच्या शाखेतल्या नव्या मुलीकडे एका ग्राहकाचा फोन नंबर मागितला. पाथर्डी फाट्यावरच्या साइटवर फ्लॅट बघून गेलेलं जोडपं होतं, त्यांच्या सॅलरी स्लिप यायच्या होत्या. तिने पर्समधून छोटी डायरी काढली, पान उघडलं आणि नंबर सांगितला. डायरी माझ्यासमोरच होती म्हणून दिसलं, पानावर आठच आकडे होते. शेवटचे दोन तिने तोंडी सांगितले. खालच्या ओळीतही आठ. त्याच्या खालीही आठ. मी काही बोलले नाही. संध्याकाळी दुसऱ्या एका मुलाची डायरी टेबलावर उघडी दिसली, तर त्याने मधलेच दोन आकडे गाळले होते. म्हणजे दोघांनी मिळून ठरवलेलं नव्हतं. ज्याने त्याने आपापली युक्ती शोधून काढली होती.

नंबर कुणापासून लपवायचे, हे त्या शाखेत कुणालाच विचारावं लागलं नसतं.

गृहकर्ज देणाऱ्या एका कंपनीची नाशिकमधली ती शाखा, मी तिची प्रमुख. विक्रीला पाच जण. त्यातला एक सीनियर, बाकी चौघं दोन-तीन वर्षांच्या आतली. महिन्याला शाखेचं टार्गेट साडेचार कोटींच्या वाटपाचं, त्यातलं दीड कोटी सीनियरचं आणि पाऊण-पाऊण कोटी इतरांचं. तो दीडच्या जागी दोन कोटी करायचा. एखाद्या महिन्यात नशीब फळलं म्हणून नाही, जवळजवळ दर महिन्याला. आणि तो माणूस कष्टाचा होता, हे मला आधी लिहायला हवं. सकाळी सात वाजता तो आडगावच्या साइट ऑफिसात चहा पीत असायचा. कुठल्या बिल्डरचा कुठला प्रोजेक्ट कधी मंजूर यादीत येणार, कुठल्या सर्व्हे नंबरच्या सातबाऱ्यावर जुना बोजा आहे, कुठल्या कंपनीत पगार रोखीने देतात, हे सगळं त्याला तोंडपाठ असायचं. ग्राहकाचे वडील आजारी आहेत हे त्याच्या लक्षात असायचं, आणि वाटपाच्या दिवशी तो त्यांची चौकशी करायचा. ते दाखवण्यासाठी नव्हतं. मी ते जवळून पाहिलंय आणि त्याबद्दल मला आजही आदर आहे.

तोच माणूस शाखेत पाऊल टाकायचा आणि खोलीतला आवाज खाली यायचा. हे कुठल्या रिपोर्टमध्ये दिसत नाही. कुणीतरी हसत असतं ते अर्ध्यावर थांबतं, फोनवर बोलणारा उठून जिन्यात जातो, सकाळच्या हडलमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या छोट्या बैठकीत, अडकलेल्या फाइलबद्दल कुणी विचारेनासं होतं. हे शेवटचं सर्वांत महाग पडतं. नव्या माणसाची फाइल साधारणपणे कुठल्या तरी किरकोळ कागदाशी अडते, आणि तो कागद कुठून आणायचा हे सांगणारा माणूस त्याच खोलीत बसलेला असतो. विचारायची भीती असेल, तर दोन मिनिटांचं काम दहा दिवस पडून राहतं. तोवर ग्राहक दुसऱ्या बँकेच्या पायऱ्या चढलेला असतो.

मार्च जवळ आला आणि वार्षिक मूल्यांकनाचे फॉर्म आले. मी त्याचे मागचे तीन फॉर्म काढून पाहिले. तीन वर्षं, दोन वेगवेगळे शाखाप्रमुख, आणि शेऱ्याच्या रकान्यात जवळजवळ एकच वाक्य: उत्कृष्ट कामगिरी, सांघिक वृत्तीत सुधारणेस वाव. त्याच्या शेजारी पाचपैकी पाच गुण. मी स्वतःला त्याच्या जागी ठेवून ते वाचलं. गुण पूर्ण, बोनस पूर्ण, आणि खाली एक ओळ, जी शाळेच्या प्रगतिपुस्तकातही सापडेल. त्यातून त्याने काय समजायचं? सोमवारी सकाळी त्याने वेगळं काय करायचं? त्या ओळीवरून ते ठरवणं कुणालाच जमलं नसतं.

या शेऱ्यांच्या बाबतीत सरकारी नोकरीत एक खटला गाजला होता. सीमावर्ती रस्त्यांच्या खात्यातल्या एका अभियंत्याला गोपनीय अहवालात एका वर्षी ‘चांगला’ असा शेरा मिळाला. ऐकायला बरा. पण बढतीसाठी ‘अतिशय चांगला’ लागत होता, आणि आपल्याला ‘चांगला’ मिळालाय हे त्याला कुणी कळवलंच नव्हतं. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने देव दत्त यांच्या या प्रकरणात सांगितलं, की वाईट असो की चांगला, अहवालातला प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे, म्हणजे त्याला सुधारता येईल किंवा आक्षेप घेता येईल. निकाल सरकारी सेवेपुरता, आमच्यासारख्या खासगी कंपनीला तो थेट लागू नाही. पण मला त्यातला विचार फार मोलाचा वाटतो. आमच्याकडे शेरा कळवला जात होता, फक्त त्यात कळण्यासारखं काही नव्हतं. तीन वर्षं त्या माणसाबद्दल सगळ्यांना सगळं माहीत होतं. त्याच्याशी मात्र कुणी ते बोललं नव्हतं. हा त्याच्यावरही अन्याय आहे, असं मला तेव्हा प्रकर्षाने वाटलं आणि अजूनही वाटतं.

म्हणून या वेळी शेऱ्याबरोबर त्याला सुधारणेचं पत्रही द्यायचं मी ठरवलं. ते सांगायला रीजनल ऑफिसला फोन केला तेव्हा साहेब म्हणाले, ‘मार्च जाऊ द्या मॅडम, मग बघू.’ मी म्हटलं, मार्च गेला की जून येतो, तिमाही कुठलीच मोकळी नसते. ते थोडं थांबून म्हणाले, ‘तो गेला तर दोन कोटी कुठून आणणार?’ प्रश्न रास्त होता. म्हणून त्या रात्री मी वहीत हिशेब मांडला. टार्गेटच्या वर त्याचं काम महिन्याला पन्नास लाख, म्हणजे वर्षाला सहा कोटी. त्याच वर्षात चौघांतले दोघं सोडून गेले होते. माणूस गेला की खुर्ची साधारण दोन महिने रिकामी राहते, म्हणजे दीड कोटी बुडाले. नवा माणूस आला की पहिले तीन महिने तो निम्म्यावर चालतो, म्हणजे आणखी एक कोटी साडेबारा लाख. एका माणसामागे दोन कोटी बासष्ट लाख, दोघांमागे सव्वापाच कोटी. वरकडीचे सहा कोटी जवळपास तिथेच जिरले. शिवाय त्या सहांतला काही भाग असा होता, की ती गिऱ्हाइकं शाखेकडे आलेलीच होती, फक्त दुसऱ्याच्या नावावरून त्याच्या नावावर गेली होती.

हा हिशेब मी साहेबांना पाठवला. पत्रात मात्र त्यातला एकही आकडा घातला नाही, आणि हे मी जाणीवपूर्वक केलं. दोघं गेले ते त्याच्यामुळेच, असं मला सिद्ध करता येत नव्हतं. एकाला घराजवळ नोकरी मिळाली होती, दुसऱ्याला तीन हजार जास्त. अंदाज वरिष्ठांशी बोलताना चालतो, कारण तिथे निर्णय घ्यायचा असतो. ज्याच्याबद्दल लिहायचं त्याच्या हातात द्यायच्या कागदावर अंदाज टाकला, की तो माणूस तेवढंच एक वाक्य धरतो, ते खोडून काढतो आणि बाकीचं सगळं त्याच्याबरोबर खोडलं जातं.

पत्रात काय घालायचं, याला मला पाच-सहा आठवडे लागले. त्याचं कारण डायरीतले ते गाळलेले आकडे. चौघांना केबिनमध्ये बोलावून विचारलं असतं, तर तासाभरात दोन पानं भरली असती. पण त्यातलं एक वाक्य जरी पत्रात आलं असतं, तरी त्याने ते कोण बोललं असेल हे पाच मिनिटांत ओळखलं असतं, आणि पुढचे सहा महिने त्या मुलाला शाखेत बसणं कठीण झालं असतं. म्हणून मी स्वतःशी नियम केला: पत्रात जाईल ते एक तर मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं, नाही तर सिस्टिममध्ये तारखेसह नोंदलेलं. मुलांनी सांगितलेलं मी ऐकून घेतलं, ते मला कुठे बघायचं हे कळण्यापुरतं. हे हळू चालतं. ज्या गोष्टी फक्त एकांतात घडतात, त्या या चाळणीतून सुटून जातात, आणि त्याची मला तेव्हाही हळहळ वाटली. पण जे उरतं त्यावर वाद घालता येत नाही.

शेवटी तीन प्रसंग उरले. पहिला लीडचा, म्हणजे संभाव्य ग्राहकाचा. एका मंगळवारी सिस्टिममध्ये एक लीड एका ज्युनियरच्या नावावर पडली, बुधवारी त्याने साइटला भेट दिल्याची नोंद झाली, आणि शुक्रवारी तीच फाइल सीनियरच्या सोर्सिंग कोडवर, म्हणजे त्याच्या नावावर, लॉगिन झाली. दुसरा हडलमधला, माझ्यासमोरचा. सिबिल स्कोअर कमी म्हणून नव्या मुलीची फाइल परत आली होती. तो सगळ्यांच्या देखत म्हणाला, ‘फाइल वाचता येते का तुला, की नुसती फोटोकॉपी काढायला ठेवलंय?’ तिसरा महिनाअखेरचा. संध्याकाळी साडेसहाला बिल्डरचं ना-हरकत पत्र नसताना चेक सोडा म्हणून तो ऑपरेशन्सच्या ताईंच्या टेबलाशी उभा राहिला, आवाज चढला, फाइल टेबलावर आपटली. त्यांनी चेक सोडला नाही. पण त्या उठून गेल्या, आणि इतर तिघांच्या तीन फाइली त्या दिवशी राहिल्या त्या राहिल्याच.

यातला पहिला प्रसंग मी आधी एचआरला दाखवला. कोड मुद्दाम बदलला असेल, तर तो गैरवर्तनाचा विषय होतो. त्याची चौकशी वेगळी, नोटीस वेगळी, आणि ते या पत्रात मिसळायचं नसतं. सुधारणेचं पत्र म्हणून दिलं आणि आत आरोपपत्र ठेवलं, तर दोन्हींचा उपयोग जातो. तपासल्यावर कळलं, की ग्राहकाने स्वतःच शुक्रवारी त्याला फोन केला होता. बिल्डरच्या माणसाने नंबर दिला होता. लीड आधीच कुणाच्या तरी नावावर आहे हे त्याला स्क्रीनवर दिसत होतं, तरी त्याने फाइल घेतली. आमच्या नियमात ते अडवणारं काही नव्हतं. त्यामुळे तो गुन्हा ठरला नाही. वागणूक म्हणून मात्र त्याबद्दल बोलता येत होतं.

फीडबॅकवरचं एक जुनं संशोधन मला आमच्या ट्रेनिंगमध्ये कुणीतरी सांगितलं होतं. क्लुगर आणि डेनिसी या दोघांनी १९९६ साली आधीचे शेकडो प्रयोग एकत्र करून पाहिले, तर एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी फीडबॅक दिल्यावर काम सुधारायच्या ऐवजी घसरलं होतं. त्यांचं म्हणणं असं, की लक्ष कामावरून उडून ‘मी कसा आहे’ याकडे गेलं की असं होतं. माझ्या पहिल्या मसुद्यात ‘अहंकार’ हा शब्द होता, ‘उद्धट’ होता, ‘नेहमी’ तर चार वेळा होता. ते सगळं खोडलं. अहंकारी म्हटल्यावर माणूस आपण अहंकारी नाही याचे पुरावे गोळा करतो. मंगळवारची लीड शुक्रवारी तुमच्या कोडवर आली, असं म्हटलं की निदान लीडबद्दल बोलणं होतं.

शेवटचं पत्र एका पानाचं झालं. त्यातला मुख्य भाग इथे देते, कारण असं पत्र लिहायला बसलेल्या माणसाला नमुना कुठे सापडत नाही.

‘या वर्षी तुम्ही दर महिन्याला टार्गेटच्या वर काम केलं आहे. फाइलची कागदपत्रं आणि ग्राहकांशी संबंध या दोन्हींत शाखेत तुमच्या तोडीचं कुणी नाही. हे मूल्यांकनात पूर्ण गुणांसह नोंदलं आहे.

पुढील तीन प्रसंगांबद्दल आपण आज बोललो.’ (इथे तीन प्रसंग, प्रत्येकी दोन-तीन ओळी: कधी, काय झालं, त्यानंतर काय झालं.)

‘पुढचे साठ दिवस माझी अपेक्षा अशी आहे. दुसऱ्याच्या नावावर नोंदलेल्या लीडने तुम्हाला संपर्क केला, तर त्याच दिवशी त्या सहकाऱ्याला आणि मला कळवावं, आणि कोड कुणाचा हे मी ठरवीन. कुणाच्या फाइलमधली चूक दिसली तर ती त्या व्यक्तीला हडलनंतर, एकटीला सांगावी. ऑपरेशन्सने रोखलेल्या चेकबद्दल थेट माझ्याशी बोलावं. पंधरा, तीस आणि साठ दिवसांनी आपण या तीन मुद्द्यांवर बसू. तुमचं म्हणणं खालच्या जागेत लिहावं, ते या पत्राबरोबरच फाइलला राहील.’

पहिल्या परिच्छेदानंतर ‘परंतु’ नाही, हे मी तीन वेळा तपासलं. त्याचं काम खरं होतं आणि ते अटीशिवाय लिहायला हवं होतं. ‘परंतु’ आलं, की आधीचं सगळं प्रस्तावना वाटू लागतं.

पत्र मेलने पाठवलं नाही. आधी केबिनमध्ये बोलले, पाऊण तास, आणि उठताना कागद हातात दिला. तो दुपारी चारला आला, आल्या आल्या एसी थोडा कमी केला, बसला. पहिला प्रसंग सांगितल्यावर म्हणाला, ‘कुणी सांगितलं?’ मी सिस्टिमची नोंद त्याच्यासमोर सरकवली. तो बराच वेळ ती बघत राहिला. मग म्हणाला, ‘मॅडम, मी नसतो तर ही शाखा बंद पडली असती.’ मी म्हटलं, ‘कदाचित पडली असती. ते मी लिहिलंय वर. आता खालचं वाच.’ हडलचं वाक्य वाचून त्याचा चेहरा उतरला. हे मला अपेक्षित नव्हतं. म्हणाला, ‘मी गमतीत म्हणालो होतो. माझा पहिला बॉस तर फाइल फेकून मारायचा.’ ती सबब नव्हती. त्याला काम असंच शिकवलं गेलं होतं आणि तो त्यातून तरून वर आला होता. माझा राग त्या क्षणी बराच ओसरला, पण पत्रातली एकही ओळ मी बदलली नाही. त्याच्याबद्दल वाटणारी कणव आणि नव्या मुलीला ऐकावं लागलेलं वाक्य, दोन्ही एकाच टेबलावर होतं.

पहिले पंधरा दिवस तो अतिशय सभ्य वागला, आणि ते फार वाईट दिवस होते. हडलमध्ये एक शब्द नाही. कुणी विचारलं तर ‘मॅडमना विचार.’ पत्रानंतर हे होतंच असं मला आता वाटतं. त्रास देणं बंद करायला सांगितलं, तर माणूस आधी मदतच बंद करतो, आणि कागदावर त्याच्याविरुद्ध काही नसतं. म्हणून पंधराव्या दिवशीच्या बैठकीत मी चौथी अपेक्षा लेखी जोडली: आठवड्यातून एकदा, अर्धा तास, कुठलीही एक अडकलेली फाइल त्याने सगळ्यांसमोर सोडवून दाखवायची. हे त्याला आवडलं. मुळात त्याला शिकवता येत होतं. तिसऱ्या आठवड्यात आडगावच्या एका फाइलवर त्याने इंडेक्स टू आणि करारनामा यांतला नावाचा फरक कसा पकडायचा ते इतकं छान समजावलं, की ऑपरेशन्सच्या ताईही खुर्ची ओढून बसल्या.

फरक पडतोय का, हे मी त्याच्या बोलण्यावरून ठरवत नव्हते. गोड बोलणं दोन महिने कुणालाही जमतं. मी बघत होते, की हडलमध्ये ‘माझी फाइल अडलीय’ असं किती जण आपणहून म्हणतात, आणि लीड पडल्यापासून सिस्टिममध्ये नोंद व्हायला किती वेळ लागतो. आधी मुलं लीड दोन-दोन दिवस नोंदवायचीच नाहीत, त्याला दिसू नये म्हणून. महिन्याभरात ती त्याच दिवशी नोंदवू लागली. चौथ्या आठवड्यात तो एकदा पुन्हा चिडला, भर हडलमध्ये, आणि मध्येच थांबला. पुढचं वाक्य त्याने त्या मुलाला जिन्यात नेऊन सांगितलं. आवाज तिथूनही ऐकू येत होता.

गुणांचं काय करायचं, हा प्रश्न उरला होता. आमच्या फॉर्ममध्ये शंभरातले ऐंशी आकड्यांचे आणि वीस वागणुकीचे. वागणुकीत मी पाचपैकी दोन दिले, आणि तरीही त्याचा बोनस जवळजवळ तेवढाच राहिला. म्हणजे पत्र एक सांगत होतं आणि पगारपत्रक दुसरं. माझ्या मते असं पत्र फुकट जाण्याचं सर्वांत मोठं कारण हेच आहे, आणि ते शाखाप्रमुखाच्या हातात नसतं. ऐंशी-वीसबद्दल मी रीजनल ऑफिसला लिहिलं. त्यांनी ते वर पाठवलंय.

जे हातात होतं ते त्याच्याकडूनच आलं. साठाव्या दिवशी त्याने पत्र परत दिलं. त्याच्या म्हणण्यासाठी ठेवलेली जागा दोन महिने कोरी होती, तिथे त्याने निळ्या शाईने चार ओळी लिहिल्या होत्या. हडलबद्दल मान्य. चेकबद्दल मान्य. लीडबद्दल लिहिलं होतं, की नियम लेखी करा आणि तो सगळ्यांना सारखा लावा. त्याला गिऱ्हाइकं आणून देणाऱ्या दोन जुन्या कनेक्टरांकडची गिऱ्हाइकं मागच्या वर्षी आमच्याच दुसऱ्या शाखेने घेतली होती, तेव्हा त्याने तक्रार केली आणि कुणी दखल घेतली नाही. मी जुने मेल काढून पाहिले. तक्रार होती, तारखेसह, उत्तराशिवाय. आता पहिली भेट नोंदवणाऱ्याच्या नावावर लीड तीस दिवस राहते. नाशिकच्या दोन्ही शाखांत तो नियम लागू करून घ्यायला मला जूनपर्यंत वेळ लागला, आणि त्याचा मसुदा त्यानेच लिहून दिला.